पुठ्ठ्यामागचा स्कोअर

दर रविवारी संध्याकाळी सून कामावरून घरी यायच्या आत सासरेबुवा टीव्हीवर पुठ्ठा चढवत. पुठ्ठा औषधांच्या खोक्याचा होता. वरची कड दुमडून तिचा आकडा केलेला, तो टीव्हीच्या डोक्यावरून मागे अडकवायचा आणि मागे वजनाला कपडे वाळत घालायचे तीन चिमटे लावायचे. पडद्याला चिकटपट्टी लावलेली चिरंजीवांना खपत नसे. चिरंजीवांना फुटबॉलही खपत नसे, पण टीव्हीचे हप्ते त्यांनी भरले होते, त्यामुळे मत द्यायचा हक्क त्यांच्याकडे होता.

पुठ्ठा बरोबर डाव्या कोपऱ्यावर यायचा. तिथेच चॅनलवाले दोन्ही संघांची नावं, गोल, घड्याळ आणि आणखी काय काय कोंबतात. आता कुणी शहाणा विचारील, की मॅच पहिल्यापासून बघायची तर कोपऱ्यातला स्कोअर झाकायचा कशाला? तो शून्य-शून्यपासूनच सुरू होणार ना? अशा शहाण्याने रिमोटवर कधी बोट ठेवलेलं नसतं. हाफटाइमच्या जाहिराती पळवताना बोट जरा जास्त रेंगाळलं की मॅच वीस मिनिटं पुढे जाते, आणि त्या कोपऱ्यात तीन-एक असा निकाल लागलेला असतो. मग उरलेली मॅच बघणं म्हणजे वरात गेल्यावर घोड्याला खरारा करणं. म्हणून पुठ्ठा. खालच्या बाजूला आणखी एक अरुंद पुठ्ठा, कारण रेकॉर्डिंग किती लांबीचं आहे हे दाखवणारी रेघही चहाडखोर असते. आणि टीव्ही बंद करताना चॅनल मासे पोहताना दाखवणारं ठेवायचं, म्हणजे सुरू केल्याबरोबर खेळाच्या चॅनलवरचे तज्ज्ञ निकाल तोंडावर फेकणार नाहीत. गोल मोजायला देवाने बोटं दिली आहेत.

हा सगळा बंदोबस्त सासऱ्यांनी स्वतः बसवला होता. उभं आयुष्य वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसं त्यांनी पकडलं होतं. त्यांच्या कडक शिस्तीचं सुनेला फार कौतुक. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती, रविवारीही ड्यूटी, आणि मॅच नेमक्या दुपारी. "बाबा आहेत म्हणून माझा फुटबॉल शिल्लक आहे," असं ती चारचौघांत सांगायची.

आता यातली गंमत अशी, की बाबा दर रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये बसून तीच मॅच अथपासून इतिपर्यंत थेट बघत.

सुरुवात चुकून झाली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दाढी करायला गेले, तिथे टीव्ही चालू होता, डोळे मिटून दाढी करता येते पण कान मिटता येत नाहीत. त्या संध्याकाळी रेकॉर्डिंग बघताना ते सहज बोलून गेले, "आता बघ, उजवीकडून येईल." आणि उजवीकडूनच आला. सून त्यांच्याकडे वळून बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला खेळ वाचता येतो!"

बायको गेल्यापासून त्या घरात कुणी त्यांच्याकडे असं वळून बघितलं नव्हतं. चिरंजीव त्यांना दोनच प्रश्न विचारत, गोळ्या घेतल्या का आणि बिल भरलं का. त्या एका वाक्याची चटक लागली, आणि चटक लागलेल्या माणसाला शिस्त आपोआप येते. ते दर मॅचला तीन भाकितं खरी करत आणि एक मुद्दाम खोटं. सगळंच बरोबर आलं तर गिऱ्हाईक संशय घेतं, हे लबाड दुकानदारांनी त्यांना शिकवलं होतं. नोकरीचा उपयोग निवृत्तीनंतर होतो तो असा.

त्या रविवारी निळे विरुद्ध पिवळे होती. निळे म्हणजे घरचे. पिवळे म्हणजे इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरचे. सुनेची आणि त्या डॉक्टरची पैज लागली होती, हरेल त्याने आठवडाभर दुसऱ्याच्या संघाचा गळपट्टा घालून वॉर्डात फिरायचं. पेशंटांनासुद्धा ही पैज ठाऊक होती. एक गुडघेवाल्या आजी तर सुनेच्या बाजूने नवस बोलायच्या बेतात होत्या.

सलूनमध्ये निळ्यांचा पार निकाल लागला. तीन-शून्य. पहिला गोल तर लोक नीट टेकायच्या आत, कॉर्नरवरून डोक्याने. सासरे खिन्न होऊन घरी आले, पण खिन्नतेतही त्यांनी मनाशी जुळवणी केली. पहिलं भाकीत कॉर्नरचं. सुनेला धक्का बसेल, पण आधी सांगितलेलं असलं की धक्का हलका लागतो. म्हणजे बघा, फसवणूक आणि परोपकार एकाच पुडीत.

सून आली ती कानात कापूस घालून. हे तिचं नेहमीचं. इस्पितळाच्या खालच्या दालनात टीव्ही असतो म्हणून ती मागच्या जिन्याने उतरायची, फोन सकाळपासून बंद ठेवायची आणि वाटेत कुणी फुटबॉल म्हणालं की मोठ्याने गाणं म्हणायची. तिला गाता येत नसे, त्यामुळे उपाय जालीम होता.

"काही कळलं नाही ना तुम्हाला?" तिने कापूस काढत विचारलं.

"छे! दुपारभर पडून होतो," सासरे म्हणाले. या वाक्याला ते आता अडखळतही नसत.

आवाज बंद, कारण समालोचन बाबांना आवडत नसे. दुसऱ्या कुणी मत दिलेलं त्यांना कसं चालेल? रेकॉर्डिंग सुरू झालं. निळे, पिवळे, तेच मैदान, तीच गर्दी. लवकरच पिवळ्यांना कॉर्नर मिळाला. सासऱ्यांनी घसा साफ केला.

"जपून हं. हा कॉर्नर भारी पडणार. सरळ डोक्याने."

चेंडू आला, सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि जाहिरातीच्या फळीवर आपटला.

"हुश्श!" सून म्हणाली. "बाबा, आज तुमचा नेम चुकला."

सासरे पडद्याकडे बघत राहिले. बहुधा पुढचा कॉर्नर असेल. पुढच्या कॉर्नरला ते पुन्हा बोलले. तो गोलकीपरने लोण्यासारखा अलगद धरला.

"अहो, आणि एवढ्या उन्हाळ्यात यांनी हातमोजे का घातलेत?" सुनेने विचारलं. "गोलकीपर सोडून बाकीच्यांनी?"

"फॅशन," सासरे म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

आणि तेवढ्यात निळ्यांच्या बचावातल्या एका उंच गड्याचा बूट निघाला. त्याने तो रागाने बाजूला भिरकावला, आणि तो नेमका लाइन्समनच्या पोटात बसला. सून खो-खो हसली. सासऱ्यांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. हा बूट त्यांनी पाहिला होता. हा बूट बघून सलूनवाला इतका हसला होता, की गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली होती. पण ते आज नव्हे. थंडीत.

ही थंडीतली मॅच होती. त्या आठवड्यात सून कसल्याशा प्रशिक्षणाला परगावी गेली होती, घरी वीज गेल्यामुळे रेकॉर्डिंग झालंच नाही, आणि निळे दोन-एक जिंकले एवढंच तिला नंतर कळलं. मॅच पाहायची राहिली म्हणून ती दोन दिवस हळहळत होती. "आपण दोघंही मुकलो," असं बाबा तेव्हा म्हणाले होते. चेहरा पाडून.

झालं होतं असं, की खेळाच्या चॅनलला एक जुळं भावंड होतं. आजची मॅच त्या दुसऱ्या चॅनलवर थेट दाखवली आणि त्याच वेळी पहिल्यावर जुनी लावली. कुठल्या डोक्याने, ते चॅनलवाल्यांनाच ठाऊक. कार्यक्रमांच्या यादीत दोन्हीकडे निळे विरुद्ध पिवळे असं लिहिलेलं. त्यापुढचा 'पुनःप्रक्षेपण' हा शब्द ओळीत मावला नव्हता, म्हणून कापला गेला होता. सासऱ्यांनी रेकॉर्डिंग लावताना पहिलं नाव दिसलं त्यावर बोट ठेवलं. मॅच सुरू झाल्यावर ही चूक कुणालाही कळली असती, कारण चॅनलवाले तारीख आणि 'जुना सामना' ही पाटी स्कोअरशेजारी वरच्या डाव्या कोपऱ्यात सतत दाखवत होते. म्हणजे औषधांच्या खोक्यामागे.

आता आली पंचाईत. ही जुनी मॅच आहे असं सांगावं, तर ती ओळखली कशी? थंडीत पाहिली होती म्हणून. आणि कॉर्नरचं काय घेऊन बसला होतात? ते आजच्या मॅचमधलं. एका वाक्यात दोन चोऱ्या उघड्या पडत होत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सासऱ्यांनी चष्मा पुसला. घाम आला की ते चष्मा पुसत.

"बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?" सून म्हणाली. "आज एकही अंदाज लागत नाहीये. बंद करू?"

तिने काळजीने विचारलं होतं. पण ज्याची गादी डळमळली आहे त्याला काळजी आणि कीव यांतला फरक कळत नाही. सासऱ्यांनी चष्मा चढवला, थंडीतला तो रविवार आठवला आणि म्हणाले, "बंद कशाला? आता आपला डावा बॅक पुढे घुसेल बघ. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाहीये."

डावा बॅक पुढे घुसला. कुणाचं लक्ष नव्हतं. गोल!

"बाबा!" सून सोफ्यावरून उडाली. तिने त्यांचे दोन्ही हात धरून हलवले. "कसं दिसतं हो तुम्हाला हे?"

काय सांगायचं? सासरे विनयाने हसले. चोरीचा एक माल खपला नाही, तेव्हा हाताशी असलेला चोरीचाच दुसरा माल त्यांनी दुकानात मांडला होता, आणि गिऱ्हाईक खूश होतं. पुढे पिवळ्यांनी बरोबरी केली, तीही त्यांनी आधी सांगितली. शेवटी निळ्यांचा विजयी गोल तर त्यांनी असा सांगितला, की आतून चिरंजीव ओरडले, "हळू! काय आरडाओरडा!"

मॅच संपली. दोन-एक. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आठवडाभर गळपट्टा! त्या हाडवाल्याला निळा गळपट्टा!" ती म्हणाली, आणि पर्समधून फोन काढून सुरू करायला लागली. "आधी त्यालाच लावते. मेसेज नंतर बघेन. त्याचा आवाजच ऐकायचाय मला."

सासरे त्या फोनकडे बघत होते. फोन लागला की डॉक्टर काय म्हणणार, हे भाकीत करायला सलूनची गरज नव्हती. तीन-शून्य हरलेली बाई जिंकल्याच्या आरोळ्या ठोकत फोन करते आहे. उद्या सकाळी सगळा वॉर्ड हसणार. गुडघेवाल्या आजीसुद्धा हसणार. आणि ही पुन्हा पुन्हा सांगत राहणार, की अहो मी बाबांबरोबर बघितली, बाबांनी तर आधीच सांगितलं होतं. गप्प बसलं तर त्यांचं काहीच बिघडत नव्हतं. चॅनलवाल्यांची चूक म्हणता आलं असतं. ते जन्मभर खेळ वाचणारे बाबाच राहिले असते. हसं होणार होतं ते एकट्या सुनेचं.

"फोन नको करूस," ते म्हणाले.

"का?"

"ही जुनी मॅच आहे. थंडीतली. आज आपण हरलो. तीन-शून्य."

सुनेचं बोट फोनवर तसंच राहिलं. ती उठली, पुठ्ठा वर उचलला, आणि कोपऱ्यातली तारीख वाचली. मग पुठ्ठा सोडून दिला. तो तिरका होऊन लोंबकळत राहिला.

"आणि तुम्हाला कसं माहीत?"

"सलूनमध्ये पाहिली."

"आजची?"

"आजची. थंडीतलीही. सगळ्याच. तीन वर्षं."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तराजू पकडल्यावर दुकानदार आरडाओरडा करतात, पाया पडतात, त्याची त्यांना सवय होती. ती मात्र पर्सशेजारी पडलेल्या कापसाच्या बोळ्यांकडे बघत म्हणाली, "माझ्या केबिनमध्ये कॉम्प्युटर आहे, बाबा. रविवारी दुपारी पेशंट चार असतात. मी कधीचीच थेट बघू शकले असते. सगळे बघतात."

"मग बघत का नव्हतीस?"

"तुम्ही न बघता घरी थांबता असं वाटायचं म्हणून. तुम्ही माझ्यासाठी थांबताय, तर मी कशी बघू? मागच्या जिन्याने उतरायचे मी. मूर्खासारखी गाणी म्हणत यायचे रस्त्याने."

सासऱ्यांना भाकितांची लाज वाटत होती, ती आता परवडली असं झालं. अंदाज खोटे होते, ठीक आहे, थोडी वाहवा चोरली. पण तिने तीन वर्षं दर रविवारी आपल्याला जे दिलं ते त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. त्यांना रडू आलं. ते आत गेले नाहीत, तिथेच बसून रडले.

सुनेने समजूत घातली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि भांड्यांच्या आवाजावरून पाहता तिथलंही काही धड चाललं नव्हतं. सोमवारी ती पिवळा गळपट्टा घालून कामावर गेली आणि आठवडाभर तसाच घालून परत आली. घरात बोलणं मीठ-तिखटापुरतं. शनिवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या दुपारी तुम्ही माझ्याबरोबर यायचं. इस्पितळात. माझी ड्यूटी संपेपर्यंत माझ्या खोलीत बसायचं. फोन माझ्याकडे द्यायचा."

"जामिनावर सोडलेल्याला हजेरी असते, तसं का?"

"हो, तसंच," ती म्हणाली. चिरंजीव पहिल्यांदा या विषयावर हसले.

रविवारी दुपारी सासरे फिजिओथेरपीच्या खोलीत एका स्टुलावर बसले. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. भिंतीवर मणक्याचं चित्र होतं, ते त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. मॅच सुरू झाली असेल. आता पहिला कॉर्नर असेल. कुणाला? त्यांचा जीव नुसता वरखाली होत होता. गुडघेवाल्या आजी पायाला वजन बांधून पाय वर-खाली करत होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. मला काही माहीत नाहीये, एवढंच."

"मग व्यायाम करा," असं म्हणून सुनेने त्यांच्याही पायाला वजन बांधलं. चांगलं भरपूर बांधलं. राग अजून शिल्लक होता.

संध्याकाळी दोघं मागच्या जिन्याने उतरली. रस्त्यात एका दुकानापुढे घोळका उभा होता, आतून टीव्हीचा आवाज येत होता. सुनेने कानात कापूस घातला आणि दुसरे दोन बोळे त्यांच्यापुढे धरले. तरीही बोळ्यांतून काहीबाही येईल म्हणून तिने गाणं सुरू केलं. सासरेही गायला लागले. त्यांना तर मुळीच गाता येत नसे. घोळक्यातले लोक मॅच सोडून या दोघांकडे बघायला लागले.

रेकॉर्डिंगचं चॅनल तिने सकाळीच स्वतः दोनदा तपासून ठेवलेलं होतं. घरी आल्यावर पुठ्ठा चढला. मॅच सुरू झाली. सासरे सवयीने म्हणाले, "आता उजवीकडून." चेंडू डावीकडून आला आणि बाहेर गेला. मग ते म्हणाले, "आता गोल." झाला नाही. हाफटाइमपर्यंत त्यांचा एकही अंदाज खरा ठरला नाही. खरं सांगायचं तर त्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतंच.

दोन्ही संघांचा एकेक गोल. बोटांवर मोजून झाले होते. शेवटची मिनिटं, आणि रेफरीने निळ्यांविरुद्ध पेनल्टी दिली. सासऱ्यांच्या छातीत धडधडायला लागलं. तीन वर्षांत असं धडधडलं नव्हतं. त्यांना बसवेना, उभं राहवेना, शेवटी ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभे राहिले.

बाहेर काहीच आवाज नव्हता. बराच वेळ नव्हता.

"काय झालं?" त्यांनी ओरडून विचारलं. "सूनबाई, काय झालं? सांग ना!"

बाहेरून टक् असा आवाज आला. तिने मॅच थांबवली होती.

"मला तरी कुठे माहीत आहे?" ती म्हणाली. "या, बसा इथे. तुम्ही आलात की सुरू करते."